खुणेची बावीस पावलं

जिल्हा स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत आमच्या मुलींच्या हातून बॅटन पडली नव्हती. दोन नंबरच्या मुलीनं ती तीन नंबरला दिली, तीननं चारला दिली आणि आम्ही दुसरे आलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तेवढ्यात लक्षात आलं की दुसऱ्या झोनवरच्या पंचांनी झेंडा वर केला आहे. झोनची शेवटची रेषा ओलांडून साधारण मीटरभर पुढे गेल्यावर बॅटन हातात गेली होती. संघ बाद.

तीन नंबर रडत म्हणत होती, "सर, माझा हात हलला." दोन नंबर म्हणत होती, "माझा हात पुरलाच नाही." दोघीही हाताबद्दलच बोलत होत्या. मैदान रिकामं झाल्यावर मी त्या झोनपाशी जाऊन उभा राहिलो. मुरमाच्या मैदानाचा एक फायदा असतो, ते सगळं लिहून ठेवतं. तीन नंबर जिथून सुटली तिथे तिच्या स्पाइक्सनी मुरूम उकरला होता, आणि ती जागा बरोबर होती, रेषेच्या आत. तिनं सकाळी ओढलेली खूणही मी पावलाला पाऊल लावून पुन्हा मोजली. बावीस पावलं, ठरल्याप्रमाणे. तिनं काहीही चुकवलं नव्हतं. चूक त्या बावीस आकड्यात होती आणि तो आकडा मी दिला होता.

रिले पाहणाऱ्यांचं लक्ष बॅटन हातात जाते त्या क्षणाकडे असतं. पण तो क्षण बिघडणार की साधणार हे त्याआधी चार सेकंद ठरलेलं असतं. घेणारी मुलगी कधी सुटली, यावर. शाळेतल्या मुलांना ४×१०० शिकवायची म्हणजे आधी हे सुटणं शिकवायचं. हात नंतर.

मैदानावरचा झोन कसा असतो ते आधी सांगतो. ४×१०० मध्ये बॅटन द्यायचा पट्टा ३० मीटरचा असतो. प्रत्येक टप्प्याच्या हद्दीच्या आधी २० मीटर आणि नंतर १० मीटर. पूर्वी हा पट्टा २० मीटरचाच होता आणि त्याच्या मागे १० मीटर नुसती धाव घ्यायला मिळत. त्या जागेत सुटता येई, पण बॅटन घेता येत नसे. नोव्हेंबर २०१७ पासून दोन्ही एक झाले. आता सुटायचंही झोनच्या आत आणि घ्यायचंही आत. काही मैदानांवर अजून जुन्या पद्धतीच्या रेषा मारलेल्या दिसतात, म्हणून स्पर्धेच्या दिवशी सकाळी आधी झोन कसा आखलाय ते बघून घ्यावं.

पंच पायांकडे बघत नाहीत, बॅटनकडे बघतात. घेणारीच्या हाताचा बॅटनला पहिला स्पर्श झाला की देवाणघेवाण सुरू झाली, आणि बॅटन फक्त तिच्या एकटीच्या हातात राहिली की संपली. हे दोन्ही झोनच्या आत व्हायला हवं. मुलीचा पाय रेषेबाहेर पडला पण बॅटन आत असताना हातात आली, तर ते चालतं. मुलांना हे एकदा रेषेवर उभं करून, हातात बॅटन देऊन दाखवावं लागतं. तोंडी सांगून कळत नाही.

मग या तीस मीटरमध्ये बॅटन कुठे द्यायची? घेणारी जागेवर उभी असते, देणारी पूर्ण वेगात येत असते. झोनच्या सुरुवातीलाच दिली, तर घेणारीनं जेमतेम दोन-चार पावलं टाकलेली असतात आणि देणारीला ब्रेक लावावा लागतो. बॅटनचा वेग गेला. शेवटच्या दोन मीटरवर ठेवली, तर जरा उशीर झाला की बाद. शाळेच्या वयाच्या मुलीला उभ्या जागेवरून चांगला वेग यायला वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणून मी पंचवीस मीटरची जागा धरतो. तिथवर घेणारी वेगात आलेली असते आणि चुकलंच तर हाताशी पाच मीटर उरतात.

आता खूण. घेणारी झोनच्या सुरुवातीच्या रेषेलगत, आतल्या बाजूला उभी राहते आणि मागे, देणारी जिकडून येणार त्या दिशेला, लेनमध्ये एक खूण करते. देणारीनं ती खूण ओलांडली की घेणारीनं सुटायचं. सुटल्यावर मागे बघायचं नाही. सिंथेटिक ट्रॅकवर त्यासाठी चिकटपट्टी लावतात, जास्तीत जास्त ५ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर लांब, आणि प्रत्येकाला एकच. मातीवर पट्टी चिकटत नाही, तिथे रेघ ओढायची. बरेच मुलगे चप्पल नाहीतर दगड ठेवून देतात. पंच ते उचलून फेकतात, आणि फेकलेलं मुलाच्या लक्षात येतं ते देणारा वळणावर दिसायला लागल्यावर.

ही खूण किती मागे असावी, हा सगळा प्रश्न आहे. तो अंदाजानं सोडवला जातो, पण सोडवायला दोन आकडे पुरतात आणि दोन्ही स्टॉपवॉचवर मिळतात. आमच्याच मुलींचा हिशेब मांडतो. दोन नंबरला मी पूर्ण टप्पा पळवला आणि तिच्या शेवटच्या वीस मीटरची वेळ घेतली: २.८ सेकंद. म्हणजे टप्प्याच्या शेवटी ती सेकंदाला साधारण ७.१ मीटर पळत होती. तीन नंबरला उभ्या जागेवरून, खुणेवर नजर ठेवून सोडलं आणि देणारीनं खूण ओलांडल्यापासून ती पंचवीस मीटरवर पोचेपर्यंतची वेळ घेतली: ४.१ सेकंद. या ४.१ सेकंदांत दोन नंबर साधारण २९.३ मीटर पळणार. पण तिला पंचवीसाव्या मीटरवर पोचायचं नसतं. दोघींचे हात लांब झाल्यावर मध्ये मीटरभर अंतर आपसूक भरून निघतं, म्हणून ती चोविसाव्या मीटरवर असली की पुरे. २९.३ मधून २४ वजा केले. ५.३ मीटर उरले. तीन नंबरचा बूट २४ सेंटीमीटरचा, म्हणून बावीस पावलं. पावलाला पाऊल लावून मोजायची, कारण स्पर्धेच्या मैदानावर टेप नसतो, बूट असतो.

मग चुकलं काय? दोन नंबरची ती २.८ सेकंदांची वेळ मी सरावात सकाळी, ताजेतवाने पाय असताना घेतली होती. स्पर्धेच्या दिवशी तिची सकाळी प्राथमिक फेरी झाली होती आणि दुपारी २०० मीटरची शर्यत. त्यानंतर अंतिम रिले. समजा दमल्यामुळे शेवटच्या वीस मीटरना तिला २.९ सेकंद लागले. एक दशांश सेकंद. हिशेब पुन्हा करून बघा: वेग ६.९ वर आला, ४.१ सेकंदांत ती २८.३ मीटर पळाली, खूण असायला हवी होती ४.३ मीटरवर, म्हणजे अठरा पावलांवर. बावीस पावलांची खूण धरून तीन नंबर बरोबर सुटली आणि म्हणूनच मीटरभर लवकर सुटली. दोन नंबर पंचवीसाव्या मीटरला मीटरभर मागे होती, तीन नंबरचा वेग अजून वाढत होता, अंतर काही भरेना. शेवटी तीन नंबरनं वेग सोडला तेव्हा कुठे बॅटन हातात गेली. तोवर रेषा मागे पडली होती.

हा एक दशांश सेकंद आणि चार पावलं यांचं नातं मी तेव्हापासून प्रत्येक संघाला फळ्यावर मांडून दाखवतो. दुसऱ्या फेरीत, किंवा देणारी त्याच दिवशी दुसरी शर्यत पळलेली असेल तर, खूण दोन ते चार पावलं जवळ घ्यायची हे आता आमच्याकडे ठरलेलंच आहे.

असं मोठ्या मैदानावरही घडतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या संघाचा पहिलाच बदल फसला. केनी बेडनारेक लवकर सुटला, मागून येणारा क्रिश्चन कोलमन त्याला गाठू शकला नाही, बॅटन झोनबाहेर हातात गेली आणि संघ बाद झाला. आठ वर्षांपूर्वी रिओत त्याच देशाचा संघ नेमक्या उलट कारणानं बाद झाला होता: जस्टिन गॅटलिनचा हात झोन सुरू होण्याआधीच बॅटनला लागला. लवकर आणि उशिरा, एकाच दुखण्याची ही दोन टोकं.

सरावात यातलं कोणतं टोक आहे ते ओळखणं अवघड नसतं. देणारी घेणारीच्या अंगावर येत असेल, टाचेला टाच लागत असेल, तर घेणारी उशिरा सुटते आहे. खूण एखादं पाऊल मागे न्यायची. देणारीचा हात लांब होऊनही पुरत नसेल, तर खूण जवळ आणायची. मात्र खूण हलवण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते: घेणारी पूर्ण जोरानं सुटली का? बहुतेक वेळा ती सुटलेलीच नसते. ती मागे बघत, हात चाचपडत, निम्म्या जोरानं पळते, कारण तिला बॅटन मिळण्याची काळजी असते. अशा पळण्यावर खूण ठरवली, तर शर्यतीच्या दिवशी ती घाबरून जीव तोडून पळते आणि देणारी मागेच राहते. म्हणून माझा नियम असा, की लागोपाठ तीन वेळा पूर्ण वेगात केल्याशिवाय खूण हलवायची नाही. आणि तीन झाल्या की त्या दिवसाचा सराव संपला, कारण चौथ्या वेळी देणारी दमलेली असते आणि आकडा खोटा येतो.

सुटणं जमलं की मग हात. ४×१०० मध्ये घेणारी मागे बघत नाही, कारण मान वळवली की खांदा वळतो आणि पळणं वाकडं होतं. ती पुढे बघत पळते आणि तिला मागून हाक येते. हाक आली की पहिल्या पावलाला कोपर मागे जाऊ द्यायचं, पुढच्या पावलाला हात सरळ मागे ताणायचा आणि मग तो तिथेच धरून ठेवायचा. हलवायचा नाही, शोधायचा नाही. बॅटन कुठे ठेवायची ही जबाबदारी पूर्णपणे देणारीची. मुलांना हे पटायला वेळ लागतो. हात मागे नेला की तो बॅटन शोधायला लागतो, आणि देणारा एका हलत्या निशाणावर नेम धरत बसतो.

हाकेचा शब्दही ठरवावा लागतो. मी पहिली काही वर्षं "घे!" शिकवलं. मग एका अंतिम शर्यतीत आठही लेनमध्ये "घे! घे!" सुरू झालं आणि आमच्या मुलीनं शेजारच्या लेनमधल्या हाकेवर हात मागे केला. आता प्रत्येक संघ स्वतःचा एक शब्द ठरवतो, दोन अक्षरी, दुसऱ्या कुणाच्या तोंडी येणार नाही असा. तो शब्द देणारीनं एकदाच आणि मोठ्यानं म्हणायचा, तोही हात पुरेल एवढं जवळ आल्यावर. आधी म्हटला, तर घेणारी हात मागे ताणून पाच-सहा पावलं पळते आणि वेग घालवते.

हाताच्या ठेवणीच्या तीन पद्धती चालतात. वरून ठेवायच्या पद्धतीत घेणारी हात मागे ताणून तळवा आकाशाकडे करते आणि देणारी बॅटन वरून ठेवते. पुढे ढकलायच्या पद्धतीत तळवा मागे, देणारीकडे असतो, अंगठा खाली, आणि देणारी उभी धरलेली बॅटन सरळ तळव्यात ढकलते. खालून द्यायच्या पद्धतीत हात कमरेच्या जवळ राहतो, अंगठा आणि बोटं यांच्यात उलट्या चिमट्यासारखी जागा होते आणि बॅटन खालून वर त्या चिमट्यात येते. मी थोरल्या मुलांना ढकलायची पद्धत शिकवतो, कारण तळवा दिसतो, मोठा असतो, आणि बॅटन सटकली तर ती पुढेच जाते. १४ वर्षांखालच्यांना खालून द्यायला शिकवतो. त्यांचा हात उंच मागे टिकत नाही आणि खालची पद्धत पळण्याच्या हालचालीला जवळची आहे. तिच्यात एक अडचण असते. प्रत्येक बदलात बॅटनचा मोकळा भाग कमी होत जातो, चौथ्या मुलाच्या वाट्याला जेमतेम टोक येतं. म्हणून देताना हाताला हात भिडेपर्यंत बॅटन वर सरकवायला शिकवावं लागतं.

ही खालची पद्धत लहान मुलांचीच, असं मात्र समजू नये. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली जपानच्या चौघांनी याच पद्धतीनं ३७.६० सेकंदांची वेळ दिली आणि रौप्यपदक नेलं. यामागाता, इइझुका, किर्यू आणि केंब्रिज यांच्यापैकी कुणाचीही १०० मीटरची अधिकृत वेळ तोवर १० सेकंदांच्या आत नव्हती. हात कमरेजवळ राहिल्यामुळे दोघांना एकमेकांच्या जास्त जवळ यावं लागतं, तिथे थोडं अंतर जातं. पण घेणारा हात मागे ताणत नाही, त्यामुळे वेग टिकतो. जपान्यांनी हा सौदा डोळे उघडे ठेवून केला होता.

बॅटन एकदा हातात आली की हात बदलायचा नाही. पहिला उजव्या हातात घेऊन पळतो, दुसरा डाव्या हातात घेतो, तिसरा उजव्या, चौथा डाव्या. वळणावर पळणारे पहिला आणि तिसरा, त्यांची बॅटन उजव्या हातात असते, म्हणून ते लेनच्या आतल्या कडेनं पळू शकतात. दुसरा आणि चौथा लेनच्या बाहेरच्या अर्ध्यात उभे राहतात. असं केलं की देणारा घेणाऱ्याच्या पाठीवर येत नाही, बाजूनं येतो. लेनमध्ये फक्कीची एक रेघ मधोमध ओढून सरावात दोघांना दोन बाजूंना पळवलं, की आठवड्यात पायांना सवय होते.

सरावाला खरी बॅटन नसेल तर अडू नये. नियमानं ती २८ ते ३० सेंटीमीटर लांब, साधारण ४ सेंटीमीटर जाड आणि निदान ५० ग्रॅम वजनाची असते. ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा २९ सेंटीमीटरचा तुकडा कापून कडा पॉलिश पेपरनं घासल्या की काम होतं. खडूचा तुकडा किंवा पेन्सिल घेऊन सराव मात्र करू नये, बोटांना चुकीची सवय लागते.

बदल चांगला झाला की नाही, हे डोळ्यांपेक्षा घड्याळ जास्त खरं सांगतं. झोनच्या मध्यावर, बाजूला उभं राहायचं. बॅटन पहिली रेषा ओलांडते तेव्हा घड्याळ सुरू, शेवटची ओलांडते तेव्हा बंद. सेकंदाला सात मीटर पळणाऱ्या मुलींसाठी तीस मीटर म्हणजे ४.३ सेकंद. साडेचारच्या आत आलं तर बदल चांगला. पावणेपाच आलं, तर दिसायला तो कितीही सफाईदार असो, कुणीतरी थांबलंय. मुलांना हे आकडे वहीत लिहायला लावले की भांडणं कमी होतात. "तू उशिरा सुटलीस" याच्या जागी "आज चार-सहा आलं" असं बोलणं सुरू होतं.

४×४०० चं शिकवणं याच्या अगदी उलट, आणि दोन्ही शर्यती पळणाऱ्या मुलांचा इथे गोंधळ होतो. तिथे बघूनच घ्यायचं. चारशे मीटर पळून आलेला मुलगा शेवटच्या पन्नास मीटरमध्ये किती पळेल हे त्यालाही माहीत नसतं. सरावात आठवड्यात दोनदा त्याचा वेग मोजला तरी स्पर्धेत तो वेगळाच येतो. ज्याचा वेग सांगता येत नाही त्याच्यासाठी खूण काय कामाची? तिथे झोन २० मीटरचा असतो, हद्दीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा. घेणारा मैदानाच्या आतल्या बाजूला तोंड करून उभा राहतो, येणाऱ्यावर नजर ठेवतो, तो कसा येतोय ते बघून तीन-चार पावलं पळायला लागतो, डावा हात मागे करून बॅटन स्वतः उचलून घेतो आणि लगेच उजव्या हातात बदलतो. ४×१०० मध्ये जबाबदारी देणाऱ्याची होती, इथे ती घेणाऱ्याची आहे. देणाऱ्यानं फक्त बॅटन उंच, स्थिर धरायची आणि झोन संपेपर्यंत पळत राहायचं.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे घेणारा ४×१०० च्या सवयीनं जोरात सुटतो. मागचा मुलगा पाय ओढत येत असतो, त्याला ते अंतर भरता येत नाही. मी घेणाऱ्याला एकच सांगतो: त्याचा चेहरा बघ, मान मागे पडली असेल तर दोन पावलं कमी पळ. दिल्यानंतरची शिस्तही शिकवावी लागते. देणाऱ्यानं आपल्या रेषेत सरळ थांबून राहायचं आणि बाकीचे निघून गेले की बाहेर पडायचं. दमलेला मुलगा आडवा कोसळला आणि दुसऱ्या संघाचा धावपटू त्याच्यात अडकला, तर बाद आपला संघ होतो.

त्या बाद झालेल्या शर्यतीनंतरच्या वर्षी तीच तीन नंबर पुन्हा संघात होती. अंतिम शर्यतीआधी ती झोनपाशी गेली, रेषेला टाच लावली आणि पावलाला पाऊल लावून मागे मोजत निघाली. अठरावर थांबली. स्पाइकच्या टोकानं मुरमात रेघ ओढण्याआधी वळून मला विचारलं, "सर, ताईचं दोनशे झालं का आज?"

मी सांगितलं, नाही, तिनं या वर्षी नाव दिलेलं नाही.

ती आणखी तीन पावलं मागे गेली आणि एकविसाव्यावर तिनं रेघ ओढली.